आण्याला पाचशे

मला संशय घ्यायचा पगार मिळायचा, महिन्याला दोनशे पंचवीस रुपये. सांगलीत एका करसल्लागारांच्या कचेरीत मी हिशेब लिहायला आणि तपासायला होते. कुणी नवा अशील आला की आमचे साहेब माझी ओळख करून देताना म्हणायचे, "या बाई मूळच्या साताऱ्याच्या. सख्ख्या भावाने दिलेली नोटसुद्धा उजेडात धरून बघतात." अशील हसायचे. मी हसायची नाही, कारण ते खरं होतं.

आमच्या साताऱ्याच्या घरात सगळेच तसे. वडील कोर्टात कारकून. दिवसभर लोकांच्या खोट्या शपथा ऐकून घरी यायचे आणि दूधवाल्याला दूध ओतायच्या आधी माप पालथं करून दाखवायला लावायचे. आई किराण्याची पुडी सोडायच्या आधी हातात तोलून बघायची. अशा घरातून मी बी.कॉम. झाले आणि लोकांच्या वह्या उघडून बसायचं काम मिळालं, म्हणजे मासा पाण्यात पडावा तसंच झालं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. हिशेब तपासायला बाई आलेली बघून दुकानदार आधी माझ्यामागे कुणी पुरुष येतोय का ते बघायचे. मग मी बेरजेतली चूक काढली की सरळ व्हायचे.

इस्लामपूरचं एक वर्कशॉप माझ्याकडे होतं. गुऱ्हाळाचे चरक दुरुस्त करायचे, पाण्याच्या पंपांचे सुटे भाग लेथवर कातून द्यायचे, असं त्यांचं काम. पत्र्याची शेड, एक मोठा लेथ, एक ड्रिल, आणि कोपऱ्यात लाकडी फळ्या ठोकून केलेली कचेरी. भागीदार दोघं. थोरल्यांना सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. साठीचे, हाताला कायम तेल. चरकाचा नुसता आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते सांगायचे. धाकटे चाळिशीच्या आत. मॅट्रिक झालेले. मिस्त्रींच्याच हाताखाली लेथ शिकले आणि पुढे उसाचे साठवलेले पैसे घालून भागीदार झाले. लिहिणं-वाचणं त्यांच्याकडे होतं, म्हणून वह्याही त्यांच्याकडेच.

रुपयातले सोळा आणे जाऊन वीस वर्षं होत आली होती, पण हिस्से अजून आण्यांतच बोलले जायचे. मिस्त्रींचे दहा आणे, धाकट्यांचे सहा. करारात तसंच लिहिलेलं होतं, आणि नफा झाला की तसाच वाटला जायचा.

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आधी एका, मग दुसऱ्या. लेथवर काम करणाऱ्याला बारीक माप दिसेनासं झालं की संपलंच. मिस्त्री म्हणाले, आता मी सकाळचे चार तास येणार, गिऱ्हाईक सांभाळणार, लेथला हात लावणार नाही. म्हणून तिसरा भागीदार घ्यायचं ठरलं. हा पाटणकडचा, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. फौजेत त्याने आयुष्यभर गाड्यांची इंजिनं उघडली होती आणि आता फंडाचे पैसे कुठं घालावे ते बघत होता. त्याला चार आणे द्यायचे ठरले. ते चार आणे आले कुठून, तर मिस्त्रींनी स्वतःच्या दहातले तीन सोडले आणि धाकट्यांनी सहातला एक. नवीन करार झाला तो सात, पाच, चार असा.

त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी इस्लामपूरला गेले होते. चालू धंद्यात नवा माणूस घ्यायचा म्हणजे आधी जुन्या दोघांचं घर आवरावं लागतं. पुस्तकात बत्तीसशे रुपयांचा राखीव निधी पडून होता. तो जुन्या नफ्यातून साठलेला, म्हणजे जुन्या दोघांचा. तो दहा-सहा आण्यांनी वाटला, मिस्त्रींना दोन हजार, धाकट्यांना बाराशे. लेथची किंमत पुस्तकात फार कमी राहिली होती, ती सोळाशेंनी वाढवली. ती वाढही सुभेदार यायच्या आधीची, म्हणून तीही दहा-सहा. सुभेदारांनी भांडवल म्हणून बारा हजार आणायचे होते आणि वर गुडविलचे आठ हजार.

हे गुडविल साहेबांनी काढलेलं. तीन वर्षांचा सरासरी नफा सोळा हजार. अशा दोन वर्षांच्या नफ्याइतकी धंद्याच्या नावाची किंमत धरायची, असं तिघांनी कबूल केलेलं. म्हणजे बत्तीस हजार, आणि त्यातल्या चार आण्यांचे आठ. सुभेदारांनी हुज्जत घातली नाही, आणि तिथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. आठ हजार रुपये देणारा माणूस निदान एकदा तरी कुरकुरतो.

सुभेदारांचे पैसे बँकेतून यायला वेळ लागणार होता. मला संध्याकाळची सांगलीची एस.टी. गाठायची होती. काय कुठं लिहायचं ते धाकट्यांना सांगून मी निघाले, आणि पुढचं वर्षभर तिथं गेले नाही. मार्चअखेरीशिवाय आमच्याकडे कुणाला त्यांची आठवण व्हायची नाही.

पुढच्या एप्रिलला मी वर्षाचे हिशेब करायला पुन्हा गेले. कीर्द, खतावणी, बँकेचं पासबुक, बिलांच्या तारेला टोचलेल्या पावत्या, सगळं धाकट्यांनी नीट मांडून ठेवलेलं. मला फार नीट मांडलेलं आवडत नाही. मिस्त्री त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, दाराशी. हिवाळ्यात मिरजेला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जाड भिंगाचा चष्मा आला होता, पण जवळचं अक्षर त्यांना अजून लागत नव्हतं. दुसरा डोळा अजून तसाच, दुधाळ. समोर कागद ठेवला की ते विचारायचे, "कुटं करू?" आणि धाकटे बोट ठेवतील तिथं सही करायचे.

भांडवलाची खाती उघडली आणि मी थांबले. एप्रिलच्या शेवटी सुभेदारांचे आठ हजार गुडविल म्हणून जमा होते, आणि त्याच दिवशी दोघांच्या खात्यात वाटलेले. मिस्त्रींना पाच हजार. धाकट्यांना तीन हजार.

हे चूक होतं, आणि कसं चूक होतं ते मी झोपेतही सांगितलं असतं. गुडविलचे पैसे म्हणजे नव्या माणसाने विकत घेतलेल्या हिश्श्याची किंमत. ज्याने जेवढा हिस्सा सोडला त्याला तेवढे. चार आण्यांचे आठ हजार, म्हणजे सोडलेल्या आण्याला दोन हजार. मिस्त्रींनी तीन आणे सोडले, त्यांचे सहा हजार. धाकट्यांनी एकच सोडला, त्यांचे दोन. मिस्त्रींचे हजार रुपये धाकट्यांच्या खात्यात जाऊन बसले होते. माझा चार महिन्यांहून जास्त पगार.

मी वही न मिटता धाकट्यांकडे बघितलं. ते सुभेदारांना कसलासा वॉशर दाखवत होते. मी त्यांना आत बोलावलं.

"हे गुडविल पाच-तीन कसं वाटलंत?"

"पाच-तीनच की," ते म्हणाले. "आण्याला पाचशे. मिस्त्रींचं धा आणे, माजं सा. धा पाच्चे पन्नास, पाच हजार."

"पण तुम्ही आणे सोडलेत किती?"

"एक." मग थोडं थांबून म्हणाले, "का वो बाई, काय चुकलं का?"

त्यांचं ते थांबणं मला पुरेसं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आतून बरं वाटलं. सापडला, असं वाटलं. एक थोरला माणूस, त्याला अक्षर दिसत नाही, बोट ठेवलं तिथं सही करतो. दुसरा त्याच्याच हाताखाली शिकलेला, वही ज्याच्या ताब्यात. आणि हजार रुपये बरोबर एकाच दिशेला सरकलेले. एवढं सगळं जुळल्यावर आणखी काय बघायचं? मी "बघते" म्हणाले आणि त्यांना बाहेर पाठवलं.

मग मला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं. गुडविलच्या नोंदीची शाई इतर नोंदींपेक्षा गडद वाटली. चहा नेहमीपेक्षा लवकर आला, आणि सोबत बिस्किटंही. सुभेदार आत डोकावून म्हणाले, "बाईसाहेब, माज्या खात्यात बाराच हजार दिसत्यात. मी तर वीस दिलं." मी त्यांना समजावलं की आठ हजार हे तुमचं भांडवल नाही, ती या दोघांच्या नावाची आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांची किंमत, ती त्यांनाच जाते. ते "बरं" म्हणाले, पण गेले ते मागे वळून बघत. म्हणजे त्यांनाही संशय होता, फक्त माझ्यावर. मला ते आवडलंसुद्धा. निदान एक माणूस तरी डोळे उघडे ठेवून होता.

साहेबांना विचारायला हवं होतं. आमचा नियमच तसा. वहीत काही आढळलं तर आधी कचेरीत सांगायचं, अशिलाशी नाही. पण मला धीर कुठला. धाकटे बँकेत गेले तसं मी बाहेर येऊन मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसले.

"मिस्त्री, गुडविलचे तुम्हाला किती मिळाले, ठाऊक आहे?"

"पाच हजार. त्यातच डोळा केला की ह्यो." त्यांनी चष्म्याला हात लावला. "का गं पोरी?"

"सहा मिळायला हवे होते. तुमचे हजार त्यांच्या खात्यात लिहिलेत."

लेथ चालू होता, सुभेदार काहीतरी कातत होते, आणि मला वाटलं की त्यांना ऐकूच गेलं नाही. मग ते हळू म्हणाले, "चुकून का मुद्दाम?"

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. मला माहीत नव्हतंच. पण मी म्हणाले, "मिस्त्री, त्यांना आणे मोजता येतात."

मिस्त्रींनी मान खाली घातली. पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याला, असं काहीसं पुटपुटले. दुपारी धाकटे बँकेतून आले आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेले, तर मिस्त्रींनी तोंड दुसरीकडे केलं. धाकटे तसेच तांब्या धरून उभे राहिले. मी खिडकीतून ते बघितलं आणि मनात म्हणाले, आता कळेल.

दुसऱ्या दिवशी सांगलीला कचेरीत मी साहेबांना सगळं सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या कच्च्या कागदावरचे आकडे बघितले आणि म्हणाले, "नोंद चुकलीय, बरोबर. वर्षाचे हिशेब अजून बंद झाले नाहीत, तेव्हा सोपं आहे. धाकट्यांच्या खाती हजार नावे, मिस्त्रींच्या खाती हजार जमा. करारात भांडवलावर व्याज नाही, तो ताप वाचला. वर्षाच्या नफ्याला धक्का नाही, तो सात-पाच-चारच राहणार."

"आणि धाकट्यांचं काय?"

"काय धाकट्यांचं?"

"अहो, हजार रुपये खाल्ले त्यांनी."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "खाल्ले? उचल किती आहे त्यांची?"

उचलीचे आकडे माझ्याच कागदावर होते. मिस्त्रींनी वर्षात पाच हजार उचललेले, डोळ्यासाठी. धाकट्यांनी गुडविलच्या तीन हजारांतला एक रुपया उचलला नव्हता. सगळे पैसे खात्यात तसेच. मी जमेची बाजू बघितली होती आणि नावेची, म्हणजे उचलीची, बघितलीच नव्हती.

"चोर एवढा धीर धरत नाही," साहेब म्हणाले. "अशिलाशी बोलला नाहीत ना काही?"

मी खोटं बोलले नाही. पण खरं सांगताना आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं. ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मग उद्या तुम्हीच जा आणि तिघांसमोर नीट करून या."

एस.टी.त मी खिडकीशी बसले होते. आष्ट्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली, मांडीवर कोंबडी घेऊन, आणि इस्लामपूर येईपर्यंत माझ्या पगाराची चौकशी करत होती. मला मात्र एकच गोष्ट दिसत होती, तांब्या धरून उभे राहिलेले धाकटे. तरीही, खरं सांगायचं तर, माझा संशय पुरता गेला नव्हता. पैसे उचलले नाहीत म्हणजे हेतू चांगला होता असं थोडंच आहे, असं माझं मन मला सारखं सांगत होतं. आपण चुकीचं बोललो असं कबूल करण्यापेक्षा समोरचा थोडा तरी चोर निघावा, असं वाटत होतं मला.

शेडमध्ये लेथ बंद होता. कामाच्या दिवशी सकाळी लेथ बंद, हे मी तिथं पहिल्यांदाच बघितलं. मिस्त्री खुर्चीत, सुभेदार दाराला टेकून, धाकटे लांब ड्रिलपाशी. दोन दिवस मिस्त्री त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, असं सुभेदारांनी मला दारातच सांगितलं. "माज्यामुळं वंगाळ झालं म्हनायचं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

मिस्त्रींना आकडे दिसणार नव्हते. म्हणून मी डब्यातून सोळा नट घेतले आणि त्यांच्या पुढ्यात बाकावर मांडले. दहा एकीकडे, सहा एकीकडे. त्यांनी बोटांनी चाचपून मोजले.

"हे तुमचे दहा आणे, हे त्यांचे सहा. आता सुभेदारांना चार द्यायचे. तुमच्यातले किती दिलेत?"

मिस्त्रींनी तीन नट उचलून बाजूला ठेवले. मी धाकट्यांकडे बघितलं. ते पुढं आले, त्यांनी आपल्या सहातला एक उचलून त्या तीन नटांजवळ ठेवला आणि पुन्हा लांब जाऊन उभे राहिले.

"सुभेदारांनी आठ हजार या चार नटांचे दिले," मी म्हणाले. "राहिलेल्या बारांचे नाही. ते बारा तुमच्याकडेच आहेत, ते कुणी विकत घेतलेलेच नाहीत. एका नटाचे दोन हजार. तुमचे तीन, त्यांचा एक."

"सहा आन् दोन," मिस्त्री म्हणाले.

"सहा आणि दोन."

"मी वाटलं तवा सोळाच्या सोळा नट धरलं," धाकटे लांबूनच म्हणाले. "आण्याला पाचशे."

"तुला ठावं न्हवतं?" मिस्त्री दोन दिवसांनी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होते, पण तोंड नटांकडे होतं. "हिशोब सोताच्या हातानं लिवतोस आन् ठावं न्हवतं?"

धाकटे फळ्यांच्या कचेरीत गेले, कीर्दीच्या पुठ्ठ्यातून घडी घातलेला एक कागद काढून आणला आणि तो मिस्त्रींना न देता माझ्या हातात दिला. हळू म्हणाले, "बाई, तुमीच वाचा."

कागद आमच्या कचेरीच्या चोपडीतला होता. अक्षर माझं. गेल्या वर्षी निघताना, एस.टी. चुकू नये म्हणून उभ्याउभ्या लिहिलेलं. वर मथळा: "जुन्या दोघांत वाटायच्या रकमा, दहा-सहा." खाली तीन ओळी. राखीव निधी. लेथची वाढ. आणि तिसरी, "गुडविल ८,००० आल्यावर दोघांच्या खाती जमा."

पहिल्या दोन ओळी त्या मथळ्याखाली बरोबर होत्या. तिसरी तिथं यायलाच नको होती. तिच्यासाठी वेगळा मथळा हवा होता, तीन-एक. तो मी घातला नव्हता. धाकट्यांनी एप्रिलअखेर पैसे आल्यावर कागद उघडला असेल, मथळा वाचला असेल आणि सांगितलं तसं केलं असेल. बाईंनी लिहून दिलंय, त्यात आपण काय डोकं चालवायचं.

आणि त्यांनी तो कागद मिस्त्रींसमोर आपटला नव्हता. आठवडा असाच गेला असता तरी कदाचित आपटला नसता. मला बोलायची संधी दिली होती त्यांनी. मी काही बोलले नसते, कागद घडी करून पर्समध्ये टाकला असता, तर मिस्त्रींना काय दिसणार होतं?

मी वाचला. मोठ्याने, तिन्ही ओळी आणि मथळा. मग म्हणाले, "हे माझं अक्षर आहे. चूक माझी आहे. मीच त्यांना दहा-सहा लिहून दिलं होतं. त्यांनी काही केलेलं नाही, आणि परवा मी तुम्हाला बोलले ते बोलायला नको होतं."

सुभेदारांनी "चला, हिसाब साफ झाला" असं म्हणून टाळी वाजवल्यासारखं केलं, पण ती वाजली नाही.

मी दुरुस्तीची नोंद लिहिली. धाकट्यांच्या खाती हजार नावे, मिस्त्रींच्या खाती हजार जमा. ताळेबंद पुरा केला. नफा सात-पाच-चार वाटला. धाकट्यांनी सगळ्यात आधी सही केली, वाचूनसुद्धा बघितलं नाही. सुभेदारांनी प्रत्येक बेरीज बोटांवर करून बघितली आणि मग सही केली. मिस्त्रींच्या सहीच्या वेळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुटं करू?" धाकटे जागचे हलले नाहीत. मग मीच बोट ठेवलं.

सह्या झाल्यावर धाकट्यांनी कीर्द, खतावणी, पासबुक आणि पेटीची किल्ली माझ्यासमोर आणून ठेवली.

"ह्या तुमच्याकडं न्या बाई. दर म्हैन्याला येऊन लिवा. काय पगार पडंल त्यो आमी दिऊ."

"अहो, मी सांगितलं ना, चूक माझी होती."

"व्हय. पन आता न्हाई लिवनार मी."

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते म्हणतील, वेड्यासारखं करू नकोस, घे त्या वह्या आत, असं मला मनापासून वाटलं. एवढं एक वाक्य ते बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते बाकावरचे नट एकेक करून डब्यात टाकत होते. धाकट्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग ते लेथकडे वळले, पट्टा चढवायला लागले.

मी वह्या पिशवीत भरल्या आणि निघाले. दाराशी मिस्त्रींनी मला हाताने थांबवलं. चष्मा काढून हातात धरला होता. तो दुधाळ डोळा आणि तो नवा डोळा, दोन्ही माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत होते.

"पोरी, एक सांग. त्यो कागद तुजाच हुता न्हवं? का त्याला वाचवायला म्हनालीस?"

"माझाच होता, मिस्त्री. शपथ घेते."

"अक्षर मला दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "म्हनून इचारलं."

लेथ अजून सुरू झाला नव्हता, त्यामुळे धाकट्यांना ते सगळं ऐकू गेलं.